शेलरची वही

डिसेंबरातली सकाळ, सहाला दहा मिनिटे कमी. तुमसरच्या बाजूची एखादी राइस मिल डोळ्यांसमोर आणावी. आवारात धानाच्या पोत्यांच्या थप्प्या, त्यांवरच्या ताडपत्रीवर दव, आत पट्ट्यांचा आणि चाळण्यांचा एकसुरी आवाज. रात्रपाळीचा ऑपरेटर मफलर गुंडाळत निघतो आणि येणाऱ्याला जाताजाता सांगतो, "शेलरकडे जरा लक्ष ठेवा जी, रात्री दाबून चालवला." येणारा मान हलवतो. एलिव्हेटरच्या खडखडाटात त्याला निम्मेच ऐकू आलेले असते. टेबलावर वही असते आणि तिच्यात रात्रीची नोंद एका ओळीची असते: "सर्व मशीन ओके." खाली सही, शेजारी तारीख. दुपारी तांदळात तुकडा वाढलेला दिसतो. दाबून म्हणजे किती, कधीपासून आणि कशामुळे, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस तेव्हा घरी झोपलेला असतो.

पुढच्या पानांत पाळीच्या वहीचा जो नमुना आणि ती भरण्याच्या ज्या सूचना दिल्या आहेत, त्या या एका ओळीच्या जागी काय लिहावे हे ठरवण्यासाठी आहेत. भंडारा जिल्ह्यात मोठे कारखानेही आहेत. जवाहरनगरची आयुधनिर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा अशोक लेलँडचा प्रकल्प. तिथल्या यंत्रांच्या देखभालीला स्वतंत्र विभाग असतो. हा नमुना मात्र राइस मिलसाठी आखला आहे, कारण या धानाच्या मुलखात ती गावोगाव सापडते आणि तिच्यात मालक, मिस्त्री आणि ऑपरेटर मिळून जेमतेम सहा-सात माणसे यंत्रांवर असतात. तिथे देखभालीचा विभाग म्हणजे एक मिस्त्री, एक पान्ह्यांची पेटी आणि ही वही.

नमुना आखताना आधी रकाने पाडून मग त्यांत काय भरायचे हे ठरवायचे, अशी बहुतेकांची पद्धत असते. बाजारात मिळणारी छापील रजिस्टरे तशीच बनतात. तारीख, मशीनचे नाव, काम, शेरा, सही असे रकाने त्यांत असतात आणि "शेरा" नावाच्या त्या एका चौकटीत सगळी मिल कोंबावी लागते. इथे उलट्या टोकाने सुरुवात केली आहे. मिलमधला सर्वांत लवकर झिजणारा एक भाग घेतला, तो कसा झिजतो हे पाहिले आणि त्या झिजण्याची खूण पुढच्या पाळीपर्यंत पोहोचवायला किमान कोणते आकडे लागतात, तेवढेच रकाने पाडले. तो भाग म्हणजे शेलरचे रबर रोल.

शेलरमध्ये रबर चढवलेले दोन रोल समोरासमोर, एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. दोघांचा व्यास नवेपणी सारखाच असतो, पण एक रोल दुसऱ्यापेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी वेगाने फिरतो. दोघांमधली फट दाण्याच्या जाडीपेक्षा कमी ठेवतात. वरून पडलेला धानाचा दाणा त्या फटीत सापडला की त्याची एक बाजू जलद रोल पुढे ओढतो आणि दुसरी बाजू संथ रोल मागे धरतो. या ओढाताणीत तूस सुटते. म्हणजे सोलण्याचे खरे काम वेगांतला फरक करतो. दाबाचे काम दाणा धरून ठेवण्यापुरते. शेलर समजून घ्यायला एवढे पुरे आहे, आणि त्याच्या बहुतेक दुखण्यांचे मूळही इथेच सापडते.

कारण रबर झिजते, आणि दोन्ही रोल सारखे झिजत नाहीत. जलद रोल अधिक झिजतो. त्याचा घेर कमी झाला की फेऱ्या तेवढ्याच राहूनही त्याच्या पृष्ठभागाचा वेग उतरतो आणि दोघांमधला फरक आटत जातो. मग न सोललेला दाणा वाढतो. ऑपरेटरला तो दिसतो आणि त्याच्या हाताशी एकच चाक असते: रोल जवळ आणण्याचे. तो फट आवळतो. थोडा वेळ बरे चालते. पण आता वेगाचे काम दाबाकडून करून घेतले जाते. रबर तापते, अधिक वेगाने झिजते, क्वचित दाण्यावर काळपट डाग उमटतात आणि दाणा मोडतो. सकाळचे "रात्री दाबून चालवला" हे वाक्य म्हणजे या साऱ्या प्रकाराचे एका श्वासातले वर्णन होते. ते वहीत उतरायला हवे होते.

आकड्यांत पाहिले तर गोष्ट अधिक उघडी पडते. समजा, एका शेलरचे नवे रोल २५४ मिलिमीटर व्यासाचे आहेत. जलद रोल मिनिटाला १००० फेरे घेतो आणि संथ रोल ७६०. नव्या रोलभोवती कापडी टेप गुंडाळला तर घेर ७९८ मिलिमीटर भरतो. घेर गुणिले फेरे केले की पृष्ठभागाचा वेग मिळतो: जलद रोलचा मिनिटाला ७९८ मीटर, संथ रोलचा सुमारे ६०६. फरक १९२ मीटरचा. काही पाळ्यांनंतर जलद रोलचा घेर ७२३ वर आला आणि संथ रोलचा ७६७ वर. आता वेग ७२३ आणि ५८३, फरक १४०. चार हिश्शांतला एक हिस्सा, किंबहुना थोडा अधिकच, गेला. इथे चाक आवळण्याऐवजी मिस्त्रीने दोन्ही रोलांची अदलाबदल केली तर? जाड उरलेला ७६७ चा रोल जलद बाजूला येतो, झिजलेला ७२३ चा रोल संथ बाजूला जातो. वेग होतात ७६७ आणि सुमारे ५५०, फरक २१७. नव्या रोलांपेक्षाही अधिक. नवा खर्च काही नाही, काम तासाभराचे. जुन्या मिस्त्रींना ही अदलाबदल चांगली ठाऊक असते. ती कधी करायची, हे मात्र बहुतेक ठिकाणी अंदाजावर चालते, कारण घेर कुणी लिहून ठेवलेला नसतो.

म्हणून या नमुन्यातला पहिला रकाना घेराचा आहे. व्यासाचा नाही, मुद्दाम नाही. व्यास मोजायला कॅलिपर लागतो, तो मिलमध्ये असतोच असे नाही आणि असला तरी गोल रोलवर नेमका धरणे सरावाचे काम आहे. शिंप्याकडचा टेप कुणालाही गुंडाळता येतो. शिवाय घेरात व्यासातली झीज तिपटीहून अधिक मोठी होऊन दिसते. व्यास एक मिलिमीटरने उतरला की घेर तीन मिलिमीटरने उतरतो आणि टेपवर ते सहज वाचता येते. रोलच्या लोखंडी ढोलावर रंगाने क्रमांक घालायचा आणि वहीत त्या क्रमांकापुढे घेर लिहायचा, ही सूचना त्यातूनच आली. "जलद रोल" असे लिहून भागत नाही, कारण अदलाबदल झाली की कालचा जलद रोल आज संथ असतो आणि दोन दिवसांत कुणालाच कळत नाही की कोणता आकडा कोणाचा.

घेर मोजायचा तो यंत्र थांबवून, आणि थांबवणे म्हणजे शेलरचे बटण दाबणे नव्हे. मेन स्विच खाली, फ्यूज काढून मोजणाऱ्याच्या खिशात आणि स्विचवर त्याच्या नावाची पाटी. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २२ व्या कलमाने फिरत्या यंत्राची तपासणी फक्त खास प्रशिक्षण घेतलेल्या, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या आणि ज्याचे नाव नोंदवहीत लिहिलेले आहे अशाच प्रौढ पुरुष कामगाराने करावी, अशी अट घातली होती. म्हणजे यंत्राला हात कोण लावणार याची नावे वहीत असावीत, ही कल्पना काही नवी नाही. नमुन्यात प्रत्येक कामापुढे "हात कोणी लावला" आणि "फ्यूज कोणाकडे" असे दोन छोटे रकाने आहेत. ते भरायला पाच सेकंद लागतात. त्यांच्यापुरती सूचना कडक ठेवली आहे: हे दोन रकाने रिकामे असतील तर यंत्र सुरू करायचे नाही.

दुसरा रकाना दाण्यांचा. शेलरच्या खालून मूठभर माल घ्यायचा, त्यातले सरसकट शंभर दाणे मोजून ताटलीत टाकायचे आणि त्यांतले किती सोलले गेले ते मोजायचे. वेचून घ्यायचे नाहीत, हे सूचनेत दोनदा लिहिले आहे, कारण माणसाचा हात नकळत सोललेल्या दाण्याकडेच जातो. नीट चालणारा शेलर एका फेरीत ८५ ते ९० दाणे सोलतो. उरलेले सेपरेटर परत पाठवतो. शंभर टक्के सोलायचा हट्ट धरला तर तुकडा वाढतो, म्हणून ९५ चा आकडा दिसला तरी खूश होण्याचे कारण नाही. तिथे फट फार आवळलेली आहे असे समजून मोडलेले दाणेही मोजावेत. पाळीत तीनदा, सुरुवातीला, मध्ये आणि संपताना, एवढी मोजणी पुरते. पाच मिनिटांचे काम आहे, आणि मिलमध्ये ते करायला प्रयोगशाळा लागत नाही.

हा आकडा थेट पैशाशी बांधलेला आहे. जिल्ह्यातल्या अनेक मिली शासनाने खरेदी केलेल्या धानाची भरडाई करतात. शंभर किलो धानामागे साधा तांदूळ असेल तर ६७ किलो आणि उकडा असेल तर ६८ किलो परत द्यायचा, हा हिशेब मिलरला तोंडपाठ असतो. साध्या तांदळात तुकडा २५ टक्क्यांपर्यंत चालेल अशी मर्यादा वर्षानुवर्षे होती, आणि केंद्र सरकारने अलीकडे ती १० टक्क्यांवर आणण्याची पावले टाकली आहेत. २५ ची सवय असलेल्या मिलला १० वर यायचे असेल तर तुकडा कोणत्या यंत्रावर, कोणत्या पाळीत जन्मला हे शोधावे लागते. तयार लॉट तपासणीत नाकारला गेल्यावर ते शोधता येत नाही. तोवर शेलर, सेपरेटर, पॉलिशर आणि ग्रेडर या सगळ्यांतून गेलेला तांदूळ एकाच ढिगात असतो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहावे. मिल तासाला दोन टनांची, पाळी आठ तासांची, म्हणजे पाळीमागे सुमारे सोळा टन धान. सोमवारी सकाळी नवे रोल, क्रमांक ७ आणि ८, चढवले. सातवा जलद बाजूला. पहिल्या पाळीअखेर शंभरात ९० दाणे सोललेले. दुसरीअखेर ८९. तिसऱ्या पाळीत ८६, आणि शेजारी नोंद: "फट पाव फेरा आवळली, २ वाजून १० मिनिटांनी, त्यानंतर ८९." चौथ्या पाळीत ८५, पुन्हा पाव फेरा, मग ८७. वहीत या चार ओळी एकाखाली एक दिसल्या की पाचव्या पाळीच्या माणसाला कुणी काही सांगायची गरज उरत नाही. आवळून मिळणारा लाभ दर वेळी कमी होतो आहे: पहिल्यांदा तीन दाणे, दुसऱ्यांदा दोन. याचा अर्थ दाबाने भरून निघणारी कसर संपत आली आहे आणि घेर मोजण्याची वेळ झाली आहे. तो यंत्र थांबवतो, टेप लावतो, सातवा ७२३, आठवा ७६७. अदलाबदल. फट पुन्हा सैल. सुरू केल्यावर ८९.

याच चार ओळींच्या जागी "सर्व मशीन ओके" असते तर पाचव्या पाळीनेही पाव फेरा आवळला असता. त्याच्या पाळीपुरता तो निर्णय चुकीचा म्हणता आला नसता. प्रत्येक पाळीला आपला एकच पाव फेरा दिसतो, आणि तीन पाव फेरे एकत्र दिसतात ते फक्त कागदावर.

म्हणूनच नमुन्यात प्रत्येक मोजमापाच्या रकान्याशेजारी "मागील पाळी" असा एक अरुंद रकाना आहे आणि येणाऱ्याने कामाला लागण्यापूर्वी तो स्वतःच्या हाताने भरायचा आहे. लिहिताना डोळ्यांखालून जातो, एवढाच त्याचा हेतू. या एका रकान्याची किंमत भोपाळने फार भयंकर रीतीने दाखवली. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात पावणेअकराला पाळी बदलली. त्याआधी ६१० क्रमांकाच्या टाकीतला दाब २ होता, अकराच्या सुमारास तो १० दिसला. नव्या पाळीला त्यात वावगे वाटले नाही, कारण त्या टाकीचा नेहमीचा पल्लाच २ ते २५ होता. १० हा आकडा एकटा पाहिला तर निर्धोक. अर्ध्या-पाऊण तासात २ चे १० झाले, ही गोष्ट धोक्याची. त्या रात्रीची कारणे अनेक होती आणि ती सगळी वहीत मावणारी नाहीत, पण एकटा आकडा आणि शेजाऱ्यासह आकडा यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही.

बेअरिंगच्या तापमानाला हेच लागू आहे, थोड्या वेगळ्या तऱ्हेने. अनेक मिली आता बंदुकीसारखे तापमापक वापरतात, ही चांगली गोष्ट आहे. पण भंडाऱ्यात जानेवारीच्या पहाटेची थंडी आणि मे महिन्यातली दुपार यांत तीस अंशांहून अधिक अंतर पडू शकते. उन्हाळी धान भरडताना शेड तापलेले असते. एलिव्हेटरच्या वरच्या बेअरिंगवर ६२ अंश दिसले तर मे महिन्यात ते बेअरिंग निरोगी असू शकते आणि जानेवारीत तेच ग्रीसअभावी जळायला टेकलेले असू शकते. म्हणून सूचना अशी: पाळी सुरू होताना शेडचे तापमान एकदा लिहावे आणि बेअरिंगपुढे दोन आकडे लिहावेत, त्याचे तापमान आणि शेडपेक्षा किती जास्त. मिस्त्रीने पाहायचा तो दुसरा आकडा. तो पाळीगणिक चढत असेल तर पहिला कितीही सौम्य असला तरी ग्रीस, पट्ट्याचा ताण आणि शाफ्टची सरळ रेषा तपासायची वेळ झाली.

मोजता न येणाऱ्या गोष्टींचे काय करायचे, हा प्रश्न आखणीत सर्वांत अवघड गेला. "आवाज येतो" ही नोंद मिलच्या वह्यांत सर्वाधिक आढळते आणि सर्वांत कमी उपयोगाची असते. तिच्यावर बंदी घालणे सोपे होते, पण ते चुकीचे ठरले असते, कारण ऑपरेटरचा कान हे मिलमधले सर्वांत जलद उपकरण आहे. बेअरिंग तापण्याच्या आधी ते बोलते आणि तो ते ऐकतो. तेव्हा आवाजाच्या नोंदीला तीन छोटे प्रश्न जोडले. कुठे? यंत्राच्या अंगावर रंगवलेला क्रमांक लिहावा, डावी-उजवी लिहू नये, कारण समोरून आणि मागून ती बदलते. कसा? घासल्याचा, ठोकल्याचा, शिट्टीसारखा, की कंप; आणि इथे ज्याला जो शब्द रोजच्या बोलण्यात सुचेल तो चालेल. माल असताना की रिकाम्या यंत्रातही? हा तिसरा प्रश्न मिस्त्रीचे निम्मे काम करून ठेवतो. माल घातल्यावरच येणारा ठोका बहुधा सैल पट्ट्याकडे किंवा अडकलेल्या मालाकडे बोट दाखवतो. रिकाम्यातही येणारा बेअरिंगकडे किंवा ढिल्या बोल्टाकडे.

शब्दांची मोकळीक जाणूनबुजून ठेवली आहे. बालाघाटची हद्द जवळ आहे आणि मिलमध्ये मराठीबरोबर हिंदीही ऐकू येते. "घासते" लिहिले काय आणि "रगडता है" लिहिले काय, मिस्त्रीला दोन्ही कळतात. चुकीच्या पण शुद्ध तांत्रिक शब्दापेक्षा बरोबर कानावरचा शब्द केव्हाही बरा. लिहिता न येणाऱ्या माणसासाठी वहीच्या आतल्या कव्हरवर सगळ्या लाइनचे साधे रेखाचित्र आहे, धानाच्या खड्ड्यापासून पोत्याच्या काट्यापर्यंत. तो बोट ठेवतो, दुसरा लिहितो आणि सांगणाऱ्याचे नाव वेगळे लिहितो.

दोष, कारण आणि काम हे तीन रकाने वेगळे का, असे अनेक जण विचारतील. तिन्ही मिळून एकच वाक्य होते, हे खरे. "पट्टा सैल होता, ताणला" हे वाक्य पूर्ण वाटते. पण पट्टा सैल का झाला ते त्यात नाही, आणि तो महिन्यात चौथ्यांदा ताणला जातो आहे हेही त्यात दिसणार नाही. कारणाचा रकाना रिकामा ठेवायची मुभा आहे, उलट खात्री नसेल तर तो रिकामाच ठेवावा असे सांगितले आहे. अंदाज कारण म्हणून लिहिला गेला की पुढचे सगळे तो खरा धरून चालतात. रिकामी चौकट निदान प्रामाणिक असते आणि मिस्त्रीच्या नजरेत खुपते.

अर्धवट कामांसाठी वेगळे पान आहे आणि ते पाळीच्या पानासोबत उलटत नाही. जाड पुठ्ठ्यावर, वहीच्या डाव्या बाजूला कायम उघडे राहते. हे ठरवताना उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलविहिरीच्या फलाटाची आठवण समोर होती. ६ जुलै १९८८ रोजी तिथल्या एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढली होती. संध्याकाळी पाळी बदलेपर्यंत ती परत बसली नाही. उघड्या तोंडावर झाकण लावून ठेवले होते. त्याच पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचा परवाना वेगळा होता, झडपेचा वेगळा. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा पाळीवरच्या माणसांना पहिल्या पंपाची मोठी दुरुस्ती सुरू झालेली नाही एवढे ठाऊक होते. झडप नसल्याचे ठाऊक नव्हते. पंप सुरू केला गेला, वायू गळला, स्फोट झाला आणि १६७ माणसे मेली. कागद होता, तो योग्य जागी, योग्य डोळ्यांसमोर नव्हता. मिलमध्ये एवढा वायू नसतो, पण पट्ट्यावरची जाळी काढून ठेवलेली असते, एलिव्हेटरच्या तळाचे झाकण दोन बोल्टांवर असते, आणि अंधारात कुणाचा तरी हात किंवा धोतराचा सोगा तिथे जातो. म्हणून एका यंत्राची सर्व अर्धवट कामे एकाच ओळीवर, त्या यंत्राच्या क्रमांकापुढे लिहायची आहेत, कामांच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या पानांवर नाही. काम संपले की ओळ खोडायची नाही. तारीख, वेळ आणि सही घालून बंद करायची.

लिहिण्याचे नियम थोडे आहेत. नोंद त्या वेळी करायची, पाळीअखेर आठवून नाही. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने. रात्री १० ते सकाळी ६ या पाळीची तारीख ती पाळी ज्या दिवशी सुरू झाली ती, नाहीतर रात्री दोनची बिघाडाची नोंद कोणत्या पानावर शोधायची यावरून घोळ होतो आणि तो घोळ महिन्याच्या शेवटी हिशेबात येतो. चुकलेला आकडा एका रेघेने कापायचा, खालचा वाचता आला पाहिजे, बाजूला आद्याक्षर. पांढरी शाई नाही. यंत्र बंद असेल तर ओळ कोरी ठेवायची नाही, "बंद" आणि का ते लिहायचे: वीज नाही, माल नाही, दुरुस्ती. "ओके" आणि "नॉर्मल" हे दोन शब्द या वहीत वापरायचे नाहीत. त्यांच्या जागी मोजलेला आकडा, किंवा "पाहिले नाही". "पाहिले नाही" लिहिणाऱ्याला बोल लावायचा नाही, ही सूचना मालकासाठी आहे आणि ती पहिल्या पानावर छापली आहे. ती पाळली गेली नाही तर बाकीच्या सगळ्या सूचना कागदावर राहतील, कारण मग माणसे न पाहिलेले आकडे लिहू लागतील.

न पाहिलेले आकडे ओळखता येतात. आठ तासांत बेअरिंगचे तापमान दर वेळी नेमके ६० असेल, तर कुणी ते मोजलेले नाही. खरे तापमान एक-दोन अंशांनी हलत राहते. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच दाबाने, एका दमात लिहिलेल्या असतील तर त्या पाळीअखेरच्या आहेत. वीज गेलेली असताना चालू यंत्राचे तापमान लिहिलेले असेल तर प्रश्नच मिटला, आणि त्यासाठीच वीज गेल्याची व आल्याची वेळ वेगळी लिहायला लावली आहे. असे पान सापडले की मालकाने आधी हे पाहावे की तो रकाना खरोखर कुणाच्या कामाचा आहे का. खोटे आकडे बहुधा अशाच चौकटीत भरले जातात जिच्यावरून कधीच काही केले गेलेले नाही. तशी चौकट पुढच्या छपाईत काढून टाकावी. हा नमुना सुरुवातीला जितका भरगच्च होता त्याच्या निम्मा आता उरला आहे, आणि वापरात तो आणखी आटला तर चालेल.

पाळी बदलताना दोघांनी मिळून लाइनवरून एक फेरी मारायची, हातात वही घेऊन, धानाच्या खड्ड्यापासून सुरू करून. जाणारा बोलतो, येणारा "मागील पाळी"चे रकाने भरतो. दहा मिनिटे लागतात. मालकाला ती दहा मिनिटे दोन्ही पाळ्यांच्या मजुरीत धरावी लागतील, हे इथे स्पष्ट लिहिलेले बरे. बिनपगारी दहा मिनिटांत कुणी नीट बोलत नाही, आणि सकाळी सहाला ज्याला अकरा किलोमीटर सायकल मारत घरी जायचे आहे त्याच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये.

शेवटचा रकाना रोल उतरवतानाचा. क्रमांक, उतरवतानाचा घेर, चढवल्यापासून भरडलेले टन, धान साधे की उकडवलेले, आणि उतरवण्याचे कारण: झिजला, रबर सुटले, की एका बाजूने खाल्ला गेला. एका बाजूने खाल्लेला रोल सांगतो की वरून माल रुंदीभर सारखा पडत नाही, आणि तिथे नवा रोल चढवण्याआधी वरची माल सोडणारी पट्टी सरळ करावी लागते. अशा ओळी हंगामभर जमत जातात. एप्रिलमध्ये लाइन थंडावली की त्या ओळी बेरजेला घ्याव्यात: एक जोडी सरासरी किती टनांना पुरली, अदलाबदल केलेल्या जोड्या किती जास्त पुरल्या, कोणत्या दुकानातून घेतलेले रबर लवकर सुटले. दिवाळीच्या आधी रोलांची मागणी नोंदवताना दुकानदार किती जोड्या लागतील ते विचारतो, आणि तेव्हा वहीचे हे पान टेबलावर उघडे ठेवून बोलता येते.